ट्रायझोलाम आणि टेमाझेपाम : विस्मरण आणि पहाटेची धडधड कशामुळे?

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेले काही रुग्ण तिथली झोपेची गोळी दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, झोप लगेच लागते, पण पहाटे चारला छाती धडधडून जाग का येते?" ती गोळी ट्रायझोलाम असेल, तर उत्तर बरेचसे तिच्या वेगात आहे.

ट्रायझोलाम आणि टेमाझेपाम दोन्ही बेंझोडायझेपिन गटातली औषधे. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ती वाढवतात. फरक शरीरातल्या मुक्कामाचा आहे. ट्रायझोलामचे रक्तातले प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मे होते, टेमाझेपामला त्यासाठी दहाएक तास लागतात. समजा, रात्री अकराला गोळी घेतली. पहाटे चारला ट्रायझोलाम एक चतुर्थांश उरते, टेमाझेपाम मात्र दोन तृतीयांशाहून अधिक असते.

रोज गोळी मिळू लागली की काही रात्रींतच मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःचा ब्रेक थोडा सैल सोडतो. मग पहाटे औषध झपाट्याने उतरले, की हा सैल ब्रेक उघडा पडतो. लवकर जाग, घाम, कारणाशिवाय भीती, कधी दिवसभर बेचैनी. टेमाझेपाम हळूहळू उतरते, म्हणून हा धक्का सौम्य असतो. त्याबदल्यात सकाळी सुस्ती राहू शकते. नैराश्यातही पहाटे जाग येते. त्यामुळे हा त्रास गोळीच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला, हे मी आधी विचारतो.

विस्मरणाचे कारण मात्र वेगळे. तिथे औषध किती लवकर उतरते यापेक्षा किती जोरात चढते हे महत्त्वाचे. ट्रायझोलामचा नेहमीचा डोस पाव मिलिग्रॅम, टेमाझेपामचा पंधरा. म्हणजे पहिले किती तीव्र आहे ते पाहा. ते झटकन मेंदूत पोहोचते आणि नव्या आठवणी साठवण्याचे काम थांबवते. जुन्या आठवणी शाबूत राहतात, माणूस बोलतो, चालतो, पण ते नोंदलेच जात नाही. 1987 मध्ये तीन मेंदूशास्त्रज्ञांची हकीकत प्रसिद्ध झाली. विमानात त्यांनी ट्रायझोलाम आणि मद्य घेतले, उतरल्यावर नेहमीसारखे वावरले, आणि नंतर त्यांना ते तासच आठवेनात! ब्रिटनने 1991 मध्ये ट्रायझोलामचा परवाना थांबवला.

आणखी एक गोष्ट. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनाझोल चालू असेल, तर ट्रायझोलाम यकृतात नीट मोडत नाही आणि परिणाम फार वाढतो. टेमाझेपामचा निचरा दुसऱ्या वाटेने होतो, त्यामुळे तिथे ही अडचण सहसा येत नाही.

पहाटे जाग आली म्हणून दुसरी गोळी घेऊ नका, आणि मद्यासोबत तर मुळीच नको. काही आठवडे रोज घेत असाल, तर ती एकदम बंदही करू नका. डोस टप्प्याटप्प्याने कसा उतरवायचा, ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.