ॲप, सोय आणि शेवट: शिकवणाऱ्या व्हिडिओची माहिती कशी लिहावी

मोबाइलवर व्हिडिओ एडिटिंग शिकवणारा व्हिडिओ यूट्यूबवर चढवताना त्याच्यासोबत शीर्षक, वर्णन, प्रकरणांच्या वेळा, टॅग आणि भाषा ही माहितीही भरावी लागते. तिला मेटाडेटा म्हणतात. व्हिडिओ कुणासमोर ठेवायचा, हे ठरवताना यूट्यूबला या माहितीचा उपयोग होतो आणि व्हिडिओ उघडायचा की नाही, हे प्रेक्षक तिच्यावरूनच ठरवतो. शिकायला आलेल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात. हा व्हिडिओ आपल्या फोनमधल्या ॲपचा आहे का, त्यातली कोणती सोय शिकवली आहे आणि शेवटी नेमके काय तयार होणार आहे. मेटाडेटा चांगला असेल, तर या तिन्ही गोष्टी व्हिडिओ उघडण्याआधीच कळतात.

उदाहरणासाठी भूगोलाचा एक धडा घेऊ. शिक्षिका भिंतीला लावलेल्या हिरव्या कापडासमोर उभ्या राहून पावसाच्या वाटणीबद्दल बोलतात. तयार व्हिडिओत मात्र त्यांच्या मागे महाराष्ट्राचा नकाशा दिसतो. हे काइनमास्टर या ॲपमधल्या क्रोमा की या सोयीने साधते. क्रोमा की निवडलेला रंग पारदर्शक करते, त्यामुळे जिथे हिरवे होते तिथे खालचे चित्र दिसू लागते. हे तंत्र शिकवणाऱ्या व्हिडिओचे शीर्षक असे देता येईल:

```
KineMaster मध्ये Chroma Key: हिरव्या कापडाच्या जागी मागे नकाशा
```

ॲप आणि सोय यांची नावे रोमन लिपीत ठेवण्यामागे कारण आहे. फोनच्या पडद्यावर ती तशीच दिसतात आणि शिकणाऱ्याला तेच बटण शोधायचे असते. निकाल मात्र मराठीत सांगितला आहे, कारण ज्याला क्रोमा की हे नावच ठाऊक नाही, तो ‘हिरवे कापड’, ‘मागचा भाग बदलणे’ अशा शब्दांनीच शोध घेतो. ‘जबरदस्त एडिटिंग ट्रिक’ या शीर्षकातून तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘क्रोमा की कशी वापरावी’ यातून एकाचे मिळते, पण दुसरे ॲप वापरणारा माणूसही तो व्हिडिओ उघडतो आणि बटणे जुळत नाहीत म्हणून निघून जातो.

यूट्यूबवर शीर्षकाला १०० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळे संगणकाच्या लेखी वेगळे वर्ण असतात. ‘नकाशा’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा, पण मोजणीत पाच वर्णांचा आहे. वरचे शीर्षक याच हिशेबाने साधारण ६२ वर्णांचे होते. मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, म्हणून ॲप आणि सोय आधी घेतली आहे. पुढचा भाग कापला गेला, तरी निकाल थंबनेलमध्ये दिसू शकतो. मात्र थंबनेलचे चित्र तयार व्हिडिओतूनच घेतलेले हवे. दुसरीकडून आणलेले अधिक सफाईदार चित्र लावले, तर व्हिडिओत न दाखवलेल्या गोष्टीचे आश्वासन दिल्यासारखे होते.

वर्णनात ५,००० वर्ण मावतात, पण ‘आणखी’वर बोट न लावता फक्त सुरुवातीच्या एकदोन ओळी दिसतात. त्यामुळे पहिल्याच वाक्यात तिन्ही गोष्टी पुन्हा, पूर्ण वाक्यात याव्यात:

```
Android फोनवरच्या KineMaster मध्ये Chroma Key वापरून
हिरव्या कापडासमोरच्या व्हिडिओत मागे महाराष्ट्राचा नकाशा कसा आणायचा, ते पाहा.
```

त्यानंतर साहित्य आणि अटी लिहाव्यात. या धड्याला नकाशाचे आडवे चित्र, सपाट ताणून लावलेल्या आणि सारखा उजेड पडलेल्या कापडासमोरचा व्हिडिओ आणि हिरव्या रंगाचे नसलेले कपडे लागतात. साडीचा काठ हिरवा असेल, तर तोही पारदर्शक होऊन त्यातून नकाशा दिसतो. कापडाला सुरकुत्या असतील, तर त्यांच्या सावल्यांचे डाग मागे राहतात. काइनमास्टरच्या मोफत आवृत्तीत तयार व्हिडिओवर ॲपची खूण उमटते, हेही इथेच सांगावे. व्हिडिओ ज्या आवृत्तीवर केला तिचा क्रमांकही द्यावा, कारण आवृत्ती बदलली की बटणांची जागा बदलू शकते.

या धड्यात बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. काइनमास्टरमध्ये नकाशा मुख्य पट्टीवर ठेवायचा असतो आणि शिक्षिकेचा व्हिडिओ Layer म्हणून त्याच्यावर घ्यायचा असतो. व्हिडिओ थेट मुख्य पट्टीवर घेतला, तर Chroma Key चा पर्याय हाती लागत नाही आणि आपल्या फोनमध्ये ही सोयच नाही असा समज होतो. म्हणून हे एक वाक्य वर्णनात ठळकपणे यावे आणि प्रकरणांच्या यादीतही त्याला स्वतंत्र जागा मिळावी:

```
00:00 तयार व्हिडिओ असा दिसतो
00:20 नकाशा मुख्य पट्टीवर घेणे
01:10 हिरव्या कापडाचा व्हिडिओ Layer म्हणून घेणे
02:05 Chroma Key सुरू करून कडा साफ करणे
04:40 Export
```

या ओळी वर्णनात लिहिल्या की यूट्यूब व्हिडिओच्या पट्टीचे तसे भाग पाडते. त्यासाठी पहिली वेळ 00:00 च हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा हवा. यादी 00:05 पासून सुरू केली, तर भाग पडत नाहीत. पहिल्या प्रकरणात निकाल दाखवण्याने शीर्षकातले आश्वासन लगेच पुरे होते. भागांची नावे कृतीची असावीत. ‘भाग १’, ‘भाग २’ लिहिले, तर फक्त कडा साफ करण्याची रीत हवी असलेल्याला सगळा व्हिडिओ चाळावा लागतो.

टॅगसाठी एकूण ५०० वर्णांची मर्यादा आहे. व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा थोडाच असतो. ज्या नावाचे लेखन लोक वेगवेगळे करतात, तिथे ते खरे उपयोगी पडतात. म्हणून इथे ‘काइनमास्टर’, ‘कायनेमास्टर’, ‘किनेमास्टर’ ही रूपे टॅगांत घालावीत. व्हिडिओत नसलेल्या दुसऱ्या ॲपांची नावे शोधासाठी म्हणून घालू नयेत, तसेच टॅगांची रास वर्णनातही ओतू नये. दिशाभूल करणारा मेटाडेटा यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी व्हिडिओ काढला जाऊ शकतो. व्हिडिओची भाषा मराठी निवडायला विसरू नये.

मेटाडेटा बरोबर बसला का, हे काही दिवसांनी यूट्यूब स्टुडिओच्या आकड्यांवरून कळते. व्हिडिओ पुष्कळांना दिसला पण थोड्यांनीच उघडला, तर शीर्षक आणि थंबनेल यांतून तीनपैकी एखादे उत्तर मिळत नसावे. पुष्कळांनी उघडला पण पहिल्या अर्ध्या मिनिटात सोडला, तर जे लिहिले ते व्हिडिओत लगेच दिसत नाही, असे बहुधा समजावे. कोणते शब्द शोधून लोक आले, त्यांची यादीही तिथे मिळते. तिच्यात ‘व्हिडिओचा बॅकग्राउंड बदलणे’ हे शब्द वारंवार येत असतील, तर ते वर्णनाच्या पहिल्या वाक्यात घ्यावेत. ॲपची नवी आवृत्ती आली आणि बटणाचे नाव किंवा जागा बदलली, तर वर्णनात तशी ओळ वाढवावी. व्हिडिओ पुन्हा न चढवताही शीर्षक आणि वर्णन केव्हाही बदलता येते.