मांडव कुठल्या गावचा?

फोटोत वर द्राक्षवेलींचं छत आहे, खाली पाच-सहा दगडी खांब आहेत आणि मागे धुकट टेकडी. पाटी नाही, गाडी नाही, माणूसही नाही. रस्त्यावरचा एखादा फोटो दाखवून तो जगात कुठला हे ओळखायला लावणारे जिओगेसरसारखे खेळ आता बरेच जण खेळतात. त्यात असा फोटो आला की नवखा खेळाडू ‘इटली’ म्हणून मोकळा होतो. मुरलेला खेळाडू मात्र वेलीकडे फारसा बघतच नाही. तो खांब बघतो, खांबाखालची जमीन बघतो आणि दोन झाडांमधली मोकळी जागा मोजतो.

वेल काय, नाशिकला नेली तरी वेलच. पण तिला आधार कशाचा दिला आणि किती उंच चढवली, हे शेतकऱ्याने आपल्या हवामानाशी आणि हाताशी असलेल्या सामानाशी जुळवून ठरवलेलं असतं.

दगडी खांबाचंच घ्या. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या रियास बाइशास भागात अल्बारिन्यो जातीची द्राक्षं होतात. अटलांटिकवरून येणारा पाऊस आणि दमट हवा यांमुळे जमिनीलगतचे घड सडण्याची भीती असते. म्हणून वेल माणसाच्या डोक्याइतकी उंच चढवून आडवी पसरवतात, म्हणजे घडांखालून वारं खेळतं. खांब ग्रॅनाइटचे, कारण तिथे जमीन खणली की ग्रॅनाइटच निघतो आणि लाकडासारखा तो ओलीने कुजत नाही. खाली गवत हिरवंगार. या गवतामुळेच फोटोतला दमटपणा लपत नाही.

मिन्यो नदी ओलांडली की पोर्तुगाल लागतो. ग्रॅनाइट तोच, पाऊस तोच. मक्याची कणसं साठवायची पायांवर उभी दगडी कोठारंही दोन्हीकडे आहेत, त्यामुळे कोठार दिसलं तर एवढंच कळतं की आपण या कोपऱ्यात आहोत. काठ कुठला, ते वेलीच्या जागेवरून ताडता येतं. पोर्तुगालच्या बाजूच्या जुन्या, लहान शेतांत मधे मका किंवा कोबी असतो आणि वेल कडेकडेने, बांधावर चढवलेली असते. जमीन तुटपुंजी, धान्य तर पिकवायलाच हवं, मग वेलीला बांधावर धाडलं. आपल्याकडे बांधावर शेवगा लावतात, त्यातलाच हा हिशेब. गॅलिसियात मात्र अख्ख्या तुकड्यावर सलग छत दिसतं. यंत्रं आल्यापासून पोर्तुगालच्या या भागातल्या नव्या बागा सरळ तारांवर, ओळीत उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे ही खूण लहान शेतकऱ्याच्या जुन्या रानातच भरवशाची.

पण दगडी खांब दिसला की गॅलिसिया, असं म्हणणाऱ्याचीही फजिती होऊ शकते. बेंगळुरूच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूरकडे गेलं की द्राक्षाचे मांडव दगडी खांबांवरच उभे असतात. तिथेही खडक ग्रॅनाइटचा. त्याच्या फोडून काढलेल्या लांबट शिळा कुंपणालाही वापरतात, त्यामुळे शेजारच्या रानाचं कुंपण तसंच दिसलं तर शंका फिटते. शिवाय खाली गवताची गादी नसते, तांबडी माती असते.

नाशिकच्या मांडवाचा प्रकार वेगळा. इथे दगडाऐवजी लोखंडी अँगल असतात आणि अलीकडे सपाट मांडवाच्या जोडीला ‘वाय’ पद्धत फार पसरली आहे. अँगलला वर दोन तिरके हात जोडलेले, त्या हातांवरून ओळीने तारा ताणलेल्या. ओलांडे तारेवर सरळ धावतात, काड्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि घड पानांच्या सावलीत, छातीच्या उंचीवर लोंबतात. निर्यातीच्या बागेत जानेवारीच्या सुमाराला प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला दिसतो. दुरून बघितलं तर दोन ओळींमधे आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते. सपाट मांडवात ती दिसत नाही.

गंमत अशी, की गॅलिसियात मांडव ओलीपासून वाचायला आणि नाशिकला उन्हापासून. कडक उन्हात मण्यांवर चट्टे पडतात, म्हणून घड पानांआड हवे. अर्जेंटिनाच्या सान हुआन प्रांतात तर अँडीज पर्वताच्या पायथ्याशी वाळवंट आहे. तिथलाही मांडव उन्हासाठीच, पण पाणी पर्वतावरच्या बर्फाचं, पाटांनी आणलेलं. म्हणून मांडवाबाहेर धुळीची जमीन आणि पाटाकडेने पॉप्लरच्या उंच, सरळ रांगा. आकार एकच असला तरी कारण वेगळं असतं आणि ते खालच्या जमिनीवर उमटतं.

फोटोचा महिना माहीत असेल तर आणखी एक पक्की खूण हाती येते. थंडीच्या देशांत वेल हिवाळ्यात पानं टाकते. दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात खाण्याच्या द्राक्षाचे मोठमोठे मांडव आहेत. तिथे वेली जानेवारीत उघड्या असतात. सान हुआनला ऋतू उलटे, म्हणून तिथे जुलैत. नाशिकला वेलीला झोपवणारी थंडीच नाही. तिला कात्री झोपवते आणि कात्रीच उठवते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. म्हणजे ऑक्टोबरात बांधावरचं गवत आणि भोवतालची झाडं पावसाळ्यानंतर हिरवीगार असताना द्राक्षबाग मात्र नुसत्या काड्यांची दिसते. पुलियात त्याच महिन्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली उशिरा काढायचे घड अजून लोंबत असतात. नुसतं प्लॅस्टिक बघून मात्र ‘पुलिया’ म्हणू नये. अवकाळीच्या धास्तीने नाशिककडेही बागांवर प्लॅस्टिक दिसू लागलं आहे.

सरळ तारांवर पडद्यासारख्या उभ्या केलेल्या वाइनच्या बागांवरून फारसं काही कळत नाही. न्यूझीलंडपासून दिंडोरीपर्यंत त्या जवळपास सारख्याच दिसतात. उलट काही बागा सांगूनच टाकतात. काळ्या ज्वालामुखी राखेत खळगे, प्रत्येक खळग्यात एकच वेल आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत दिसली, की तो स्पेनचा लांझारोते बेटावरचा ला हेरिया भाग. तिथे डोकं खाजवायचं कारण नाही.

ऑलिव्हच्या बाबतीत खांब नसतात, त्यामुळे अंतर मोजावं लागतं. हे उपग्रहाच्या फोटोत छान जमतं. समजा, रेताड जमिनीवर चौकोनी मांडणीत गोल गोल ठिपके आहेत. नकाशावरच्या मोजपट्टीने एका ओळीत ११ झाडं, म्हणजे १० अंतरं मोजली आणि उत्तर २४० मीटर आलं. दोन झाडांत २४ मीटर, जवळजवळ ८० फूट. आडव्या ओळीतही तितकंच भरलं. एका झाडाला ५७६ चौरस मीटर जमीन, म्हणजे हेक्टरी जेमतेम १७ झाडं. इतकी मोकळी बाग बघून जाणकार ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराचा परिसर सुचवेल. तिथे वर्षाला साधारण २०० मिलीमीटर पाऊस पडतो. वर झाड छोटं दिसलं तरी खाली मुळं दूरवर पसरून तेवढ्या पावसावर जगतात, आणि मधली जमीन नांगरून साफ ठेवतात, म्हणजे गवत ओल पीत नाही. स्पेनमधल्या खाएन प्रांतात पाऊस याहून बराच जास्त. तिथल्या जुन्या बागांत हेच अंतर १० ते १२ मीटरवर येतं.

मात्र मोठं अंतर म्हणजे कोरडा मुलूख, असा सरसकट नियम करता येत नाही. कोकणात हापूसची शिफारसही १० बाय १० मीटरचीच आहे आणि तिथे पाऊस ३,००० मिलीमीटरच्या घरात. तिथे अंतर पाण्यासाठी नसून आंब्याच्या घेरासाठी सोडलेलं असतं. फरक ओळखायला शेंडे बघावेत. जुन्या आंबराईत फांद्या एकमेकींत शिरलेल्या असतात. स्फाक्समधे झाडं म्हातारी झाली तरी एकमेकांना शिवत नाहीत.

रस्त्यावरून काढलेल्या फोटोत अंतराऐवजी बुंधा कामाला येतो. खाएनमधे एकाच जागी दोन-तीन बुंधे असतात, जाड आणि बाहेरच्या बाजूला कललेले. लावतानाच एका खड्ड्यात दोन-तीन खुंट लावायची तिथली जुनी रीत आहे. इटलीतल्या टस्कनीतही एका जागी तीन-चार बुंधे दिसतात, पण ते शेतकऱ्याने ठरवून लावलेले नाहीत. १९८५ च्या जानेवारीत तिथे असा काही गारठा पडला की ऑलिव्हची झाडं मोठ्या प्रमाणावर जमिनीच्या वर मेली. ती बुडापासून कापली आणि मुळांतून फुटलेले धुमारे वाढवले. म्हणून टस्कनीतले हे बुंधे साधारण एकाच वयाचे, तुलनेने सडपातळ आणि जुन्या बुडख्याभोवती उभे. खाली बहुधा गवत असतं. खाएनची जमीन उघडी.

या सगळ्या खुणांना सुरुंग लावला तो कुंपणासारख्या दाट लागवडीने. ओळी सुमारे चार मीटरवर, ओळीत झाडं दीड मीटरवर आणि वरून चालणारं काढणीचं यंत्र. हेक्टरी दीड हजारांच्या वर झाडं बसतात. पोर्तुगालच्या अलेन्तेजो भागात अल्केवा धरणाचं पाणी आल्यावर अशा बागा मैलोनमैल झाल्या. अंदालुसियातही त्या आहेत आणि कॅलिफोर्नियातही. यंत्राची रुंदी सगळीकडे सारखी, म्हणून ओळीही सारख्या. तिथे मग ऑलिव्ह सोडून विजेचे खांब आणि रस्त्याच्या कडेचे पट्टे यांच्याकडे वळावं लागतं.

इटलीच्या टाचेतला सालेन्तो प्रदेश मात्र अजून लगेच ओळखू येतो. लाल माती, चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती आणि पिळवटलेले, पोकळ झालेले, काही शतकांचे जाडजूड बुंधे. २०१३ मधे तिथे गाल्लिपोली गावाच्या आसपास झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो आणि रस शोषणाऱ्या एका लहान किड्यामार्फत पसरतो. पुढच्या काही वर्षांत लाखो झाडं वाळली. त्यामुळे एकाच रस्त्याचे दोन फोटो दोन वेगळ्या वर्षांचे निघतात. एकात चंदेरी-हिरवं छत, दुसऱ्यात पानं नसलेले करडे सांगाडे. ताज्या फोटोंत त्या सांगाड्यांच्या मधे कधी काठीला बांधलेली बारीक रोपंही दिसतात. लेच्चिनो किंवा फावोलोझा, या रोगापुढे तग धरणाऱ्या जातींची. जुनी झाडं वेडीवाकडी, हवी तिथे उभी होती. ही रोपं दोरी लावून सरळ रेषेत लावलेली.