विटेचं पाणी, भिंतीचं पाणी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शेजारच्या मोकळ्या जागेवर घराचं काम निघालं, तेव्हा चौथीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक मुलगा रोज सकाळी तिथे जाऊन उभा राहू लागला. पाया भरून जोतं झालं होतं आणि वीटकाम सुरू व्हायचं होतं. मिस्त्री साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे. पण पोराच्या प्रश्नांना त्यांनी कधी उडवून लावलं नाही. त्या दोघांच्या बोलण्यातून बांधकामातली एक गोष्ट फार नीट उलगडते. ती गोष्ट म्हणजे पाणी. घर बांधणारे सिमेंटचा ब्रँड आणि सळईची जाडी यांची चौकशी करतात, पाण्याची करत नाहीत. भिंत कच्ची राहते ती मात्र बऱ्याचदा पाण्यामुळेच.

पहिला प्रश्न हौदाबद्दल होता. कामावरची बाई विटा आणून पाण्याच्या हौदात टाकत होती.

“मिस्त्रीकाका, विटा धुताय का?”

“धुवत न्हाई बाळा, पाणी पाजतोय. बुडबुडं यायचं थांबलं की तिचं पोट भरलं.”

“आणि नाही पाजलं तर?”

“मग ती मालातलं पाणी पिती.”

मुलाला हे पटलं नाही. एवढी कडक वीट पाणी कशी पिणार? त्याने एक कोरडी वीट उचलली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. भरली दोन किलो नऊशे ग्रॅम. मग तीच वीट हौदात टाकली आणि संध्याकाळी बाहेर काढून, वरचं पाणी निथळल्यावर पुन्हा तोलली. या वेळी काटा तीन किलो साडेतीनशेवर गेला. विटेच्या पोटात साडेचारशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पाणी गेलं होतं. चांगली भाजलेली साधी वीटसुद्धा एवढं पाणी शोषते. वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं शोषण भारतीय मानकाला चालतं, आणि ही वीट साडेपंधरा टक्क्यांवर होती.

आता विटेखालच्या मालाचा हिशोब करू. एका विटेच्या वाट्याला खालचा थर आणि बाजूचा सांधा मिळून सुमारे तीनशे घनसेंटिमीटर माल येतो, कारण सांधा साधारण एक सेंटिमीटर जाड असतो. एवढ्या मालात पाणी जेमतेम पाऊण ते एक कप चहाइतकं, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या आत. वीट मात्र साडेचारशे मिलिलिटर प्यायला तयार. कोरडी वीट बसवली तर मालातलं पाणी ती काही मिनिटांत ओढून घेते आणि सांध्यात वाळू आणि सिमेंटची नुसती भुकटी उरते. मिस्त्रीची पुढची सूचना तितकीच महत्त्वाची होती. हौदातून काढलेली वीट लगेच लावायची नाही, थोडी निथळू द्यायची. पाण्याने गळणारी वीट मालावर घसरते, दोरीची ओळ सुटते आणि चार थरांनंतर ओळंबा लावला की भिंत पोट काढून उभी असल्याचं दिसतं.

दोन दिवसांनी मुलाने जो प्रश्न विचारला, तो भल्याभल्यांना सुचत नाही. माल कालवणारा गडी घमेल्यात आणखी पाणी ओतू लागला की मिस्त्री त्याच्यावर ओरडायचे. आणि तेच मिस्त्री कालच्या भिंतीवर पाइप धरून तिला चिंब करायचे.

“काका, मालात पाणी जास्त झालं तर चालत नाही, मग भिंतीवर एवढं का मारता?”

“आतलं पाणी मापात, भाईरचं पोटभर,” एवढंच ते म्हणाले.

यामागचं कारण असं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून नवे स्फटिक तयार होऊन वाळूचे कण एकमेकांना बांधले जातात. म्हणून काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. या क्रियेला पन्नास किलोच्या एका गोणीमागे वीस लिटरच्या आतबाहेर पाणी पुरतं. काँक्रीट कालवता यावं म्हणून प्रत्यक्षात पंचवीस लिटरच्या आसपास घालतात. त्यापुढचं पाणी क्रियेत भाग घेत नाही. ते पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. गड्याला माल ओढायला सोपा जावा म्हणून ओतलेली बादली अशी काँक्रीटची ताकद खाते. बाहेरून मारलेलं पाणी मात्र आतल्या पाण्याला उडून जाऊ देत नाही. क्रिया पहिल्या आठवड्यात जोरात चालते, पण ओल असेपर्यंतच. ओल संपली की ती थांबते. पुढे पाणी मारलं तर ती थोडीफार पुन्हा सुरू होते, पण गेलेली ताकद पूर्ण भरून येत नाही.

हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं. एप्रिलच्या शेवटी मिस्त्री भाचीच्या लग्नाला गावी गेले आणि काम तीन दिवस बंद राहिलं. पाणी मारायचं काम घरमालकांकडे होतं. सकाळी त्यांनी पूर्वेकडची भिंत भिजवली. पश्चिमेची, आदल्याच दिवशी झालेली, हाताला कोरडी लागली, तेव्हा ती ‘पक्की झाली’ असं समजून त्यांनी सोडून दिली. दुपारभर ऊन त्याच भिंतीवर. मिस्त्री परतले आणि त्यांनी खिशातून खिळा काढून पोराच्या हातात दिला.

“सांध्यात ओढ बघू.”

पूर्वेच्या भिंतीवर खिळ्याची नुसती पांढरी रेघ उठली. पश्चिमेला खिळा आत शिरला आणि वाळू भुरभुर खाली आली. मिस्त्रींनी वरची एक वीट हलवली, तर ती अलगद सुटली. तिच्या पाठीला माल चिकटलेलाच नव्हता. चांगल्या सांध्यात वीट काढायला गेलं तर माल विटेला धरून राहतो, कधी वीटच फुटते. मालकांनी विचारलं, वरून प्लास्टर केलं तर? मिस्त्रींनी मान हलवली. प्लास्टरने खराबी झाकली जाते, सांधा भरत नाही. वरचे सहा थर उतरवले, विटा घासून पुन्हा हौदात टाकल्या आणि भिंत नव्याने चढवली. खालच्या थरांचा माल धरलेला होता, कारण ते आधी बांधलेले होते आणि मिस्त्री असताना दोन दिवस भिजले होते. ते ठेवले आणि त्यांवर बारदान टांगून दिवसातून चार वेळा पाणी मारलं.

एक दिवसाचा थर साडेचार-पाच फुटांवर नेऊ नये, याचं कारणही पोराने विचारून घेतलं. ओल्या सांध्यांवर जास्त वजन आलं तर ते दबतात आणि भिंत ओळंब्यातून जाते.

पुढे स्लॅब पडला, तेव्हा मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी मालाच्या लहान पाळ्या घालून त्याचे वाफे पाडले आणि त्यात दोन बोटं पाणी उभं केलं. वाफे सुकत नाहीत ना, हे बघायचं काम पोराकडे दिलं. आज बाजारात मिळणारं बरंच सिमेंट राख मिसळलेलं, म्हणजे पीपीसी असतं. ते सावकाश ताकद धरतं, म्हणून त्याला ओल जास्त दिवस हवी.

तुमचं बांधकाम चालू असेल तर भिंतीला किमान सात दिवस आणि कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारून घ्या. पीपीसीचा स्लॅब उन्हाळ्यात चौदा दिवस ओला ठेवा. आणि प्लास्टर सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीच्या, विशेषतः पश्चिमेच्या, सांध्यावर एकदा खिळा ओढून बघा. वाळू गळली तर तेव्हाच थर उतरवायला सांगा. प्लास्टर झाल्यावर ही तपासणी करता येत नाही.