पुस्तक समोर, तरी उत्तर सापडेना : ‘ईदगाह’ कथेचे दोन तक्ते

गेल्या वर्षी आम्ही वर्गात प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेवर ओपन बुक परीक्षा घेतली. एक तास, 20 गुण, पुस्तक उघडे ठेवायचे आणि स्वतः काढलेले एक पानही जवळ ठेवायचे. मुले खूश होती. पुस्तकच समोर असेल तर भीती कसली?

प्रश्न असा होता : ‘हामिदने चिमटा दादीवरच्या प्रेमापोटी घेतला की मित्रांवरच्या रागापोटी? कथेतील प्रसंगांच्या आधारे लिहा.’ वर्गातील एका अभ्यासू मुलीच्या पानावर सुंदर अक्षरात लिहिले होते : ‘हामिद – त्यागी, समजूतदार, प्रेमळ. अमीना – गरीब, मायाळू. कथेचा विषय – गरिबी.’ या पानाचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. तिने वीस मिनिटे पुस्तकाची पाने उलटली आणि शेवटी लिहिले, ‘हामिद त्यागी होता म्हणून त्याने चिमटा घेतला.’ पेपर देताना तिचे डोळे भरले होते. ‘सर, मला कथा पूर्ण येते. पण कुठे काय आहे ते सापडलंच नाही.’

तिची अडचण खरी होती. सी.बी.एस.ई.ने 2026-27 पासून नववीसाठी अशा परीक्षेला मान्यता दिली आहे, तेव्हा ही अडचण आणखी घरांत येणार. म्हणून त्या मुलीबरोबर बसून मी हाच पाठ पुन्हा कसा मांडला, ते सविस्तर सांगतो.

आधी कथेचे तुकडे

ओपन बुक परीक्षेत कथेत काय घडले हे कोणी विचारत नाही, कारण ते पुस्तकात आहेच. तसे का घडले, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता, हे विचारले जाते. तेव्हा जवळच्या पानावर सारांश नको. पुराव्याचा पत्ता हवा.

पत्ता द्यायचा तर घरांना नंबर लागतात. आम्ही कथेचे आठ प्रसंग पाडले : 1) ईदची सकाळ आणि अमीनाचे घर, 2) शहराची वाट, 3) ईदगाहवरची नमाज, 4) जत्रेतील झुले, खेळणी आणि मिठाई, 5) लोखंडी सामानाचे दुकान, 6) परतीच्या वाटेवरचा वाद, 7) मित्रांच्या खेळण्यांची गत, 8) दादी आणि नातू. प्रत्येक प्रसंगापुढे आपापल्या पुस्तकातील पान क्रमांक लिहिला. जागा बदलली, वेळ बदलली किंवा नवे माणूस आले की नवा प्रसंग धरायचा. आठ-दहाच्या वर तुकडे झाले तर तक्ता वाचायलाच वेळ जातो.

पहिला तक्ता : पात्राचा

बहुतेक मुले पात्रापुढे विशेषणे लिहितात. विशेषण हे आपण काढलेले अनुमान असते आणि परीक्षक त्यामागचा पुरावा मागतो. म्हणून आम्ही विशेषणांचा रकानाच ठेवला नाही. त्याऐवजी तीन रकाने केले : पात्र काय म्हणते, काय करते आणि मनात काय आहे. हामिदचा तक्ता असा झाला.

| प्रसंग | काय म्हणतो | काय करतो | मनात काय |
|---|---|---|---|
| 4. जत्रा | खेळणी मातीची, पडली की फुटणार | एकही घेत नाही | क्षणभर तरी हातात घ्यावीत अशी ओढ |
| 5. दुकान | चिमटा तीन पैशांना मागतो | सहा पैसे सांगितलेला चिमटा तीन पैशांत घेतो | आधी दादीची भाजणारी बोटे, मग मित्रांचा राग |
| 6. वाट | चिमटाच सर्वांत शूर | वादात सर्वांना हरवतो, मग त्यांची समजूतही घालतो | जिंकल्याचा आनंद |
| 8. घर | बोटं भाजतात म्हणून आणला | दादीचे रागावणे ऐकून घेतो | अपराधी वाटते |

आता चौथ्या प्रसंगाची ओळ पाहा. हामिद तोंडाने खेळण्यांना नावे ठेवतो, पण त्याचे डोळे आणि हात त्यांच्याकडेच ओढले जातात. म्हणणे आणि मन यांचा मेळ बसत नाही. तक्त्यात जिथे असे दोन रकाने एकमेकांशी भांडतात, तिथेच परीक्षेतला प्रश्न लपलेला असतो. त्या ओळीला पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

‘हामिद त्यागी’ एवढेच लिहिले की ही ओढ दिसेनाशी होते. ज्याला काही नकोच आहे, त्याचा त्याग कसला? चार-पाच वर्षांच्या मुलाला खेळणे हवे होते आणि तरी त्याने घेतले नाही, हा पुरावा लिहिला तर ‘त्यागी’ हा शब्द न लिहिताही उत्तर पूर्ण होते.

रिकामी घरे

अमीनाचा तक्ता करताना मुलगी थांबली. ‘दादी तर पहिल्या आणि शेवटच्या प्रसंगातच आहे. मधली सगळी घरं रिकामी राहतात.’ मी म्हटले, पाचव्या प्रसंगात पुन्हा बघ. तिथे दादी समोर नाही, पण तव्यावरून रोटी उतरवताना भाजणारी तिची बोटे हामिदला आठवतात. त्या घरात आम्ही ‘मनात’ असे लिहिले. बाकीची घरे रिकामीच ठेवली. ती भरण्यासाठी काहीतरी ओढूनताणून लिहिणे ही मोठी चूक आहे. रिकामे घरही बोलते : जत्रेत दादी नाही, म्हणून हामिदला रागवायला किंवा समजवायला कोणी नाही. निवड त्याची एकट्याची आहे.

पहिल्या प्रसंगातील आकडेही तक्त्यात लिहावेत. अमीनाकडे ईदच्या दिवशी उरले होते दोन आणे, म्हणजे आठ पैसे. त्यातले तीन हामिदच्या खिशात आणि पाच तिच्या बटव्यात. मित्रांपैकी महमूदकडे बारा आणि मोहसिनकडे पंधरा पैसे आहेत. झुल्याचा एक पैसा म्हणजे हामिदच्या सगळ्या दौलतीचा तिसरा हिस्सा, हे या आकड्यांवरूनच कळते.

दुसरा तक्ता : आशयसूत्राचा

मुलीने ‘विषय – गरिबी’ असे लिहिले होते. एक शब्द म्हणजे आशयसूत्र नव्हे. कथा गरिबीबद्दल काय म्हणते, ते पूर्ण वाक्यात आले पाहिजे. वाक्य झाले की त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा शोधता येतो. आम्ही तीनच वाक्ये घेतली.

पहिले : गरिबी मुलाला वयाआधी निवड करायला शिकवते. याचा पुरावा प्रसंग 1, 4, 5 आणि 8 मध्ये आहे.

दुसरे : नमाजेच्या सफेत सगळे सारखे असतात, बाजारात नसतात. हे सूत्र मुलीने स्वतः शोधले, आणि मला त्याचा फार आनंद झाला. प्रसंग 3 मध्ये श्रीमंती आणि हुद्दा कोणी पाहत नाही. जो नंतर येतो तो मागच्या सफेत उभा राहतो. लगेच पुढे, प्रसंग 4 मध्ये, झुल्यावर कोण बसणार हे खिशातले पैसे ठरवतात. दोन्ही प्रसंग लेखकाने शेजारी ठेवले आहेत. सारांश लिहिताना हे सुटते, कारण तिथे नमाज एका वाक्यात उरकली जाते. तक्त्यात 3 आणि 4 ही घरे शेजारी भरली की आपोआप दिसते.

तिसरे : शोभेपेक्षा उपयोग टिकतो. प्रसंग 5, 6 आणि 7. मोहसिनचा भिश्ती फुटतो, नूरेचा वकील खाली पडतो, महमूदच्या शिपायाचा पाय मोडतो. चिमटा तसाच राहतो. पण इथे विरुद्ध पुरावाही लिहून ठेवला : प्रसंग 6 च्या शेवटी हामिद स्वतःच मित्रांना म्हणतो की तुमच्या खेळण्यांची सर चिमट्याला नाही. म्हणजे हे सूत्र पूर्ण खरे मानायचे की नाही, यावरही प्रश्न येऊ शकतो.

आता तोच प्रश्न

पुन्हा विचारले : प्रेम की राग? मुलीने पात्राच्या तक्त्यात पाचवी ओळ पाहिली, पुस्तकात ते पान काढले आणि क्रम तपासला. हामिद दुकानापाशी थांबतो, तेव्हा पहिला विचार दादीच्या बोटांचा येतो. त्यानंतर मिठाई न देणाऱ्या मित्रांचा राग येतो. त्यानंतर तो किंमत विचारतो. तिने लिहिले :

‘चिमटा घेण्याचा विचार दादीच्या प्रेमातून आला, कारण दुकानात प्रथम तिची बोटे आठवतात. मित्रांवरचा रागही किंमत विचारण्याआधीच मनात आहे, तो नाकारता येत नाही. मात्र रागामुळे चिमटा सुचला नाही, रागाने फक्त निर्धार पक्का झाला. घरी आल्यावर तो वादातील विजयाबद्दल बोलत नाही, बोटांबद्दलच बोलतो, यावरून मूळ कारण प्रेम हेच ठरते.’

चार वाक्ये, दोन प्रसंगांचा पुरावा. हामिदचा रागही लपवला नाही आणि त्याचे प्रेमही कमी केले नाही. हेच उत्तर आधी ‘त्यागी होता’ एवढ्यावर संपले होते.

कुठे अडते

तक्ता बरोबर झाला की नाही, हे घरातले कोणीही तपासू शकते. अम्मीला पाठाची भाषा येत नसली तरी चालते. तक्त्यातल्या कोणत्याही घरावर बोट ठेवून मुलाला एवढेच विचारावे, ‘हे कुठे लिहिलंय, दाखव.’ अर्ध्या मिनिटात पुस्तकातली ओळ सापडली तर घर पक्के. सापडली नाही, तर ते घर मुलाने ऐकीव लिहिले आहे किंवा गाइडमधून उतरवले आहे. दुसऱ्याने केलेला तक्ता या परीक्षेत चालत नाही तो यामुळेच : पुरावा शोधताना जी पाने उलटली जातात, त्याने पुस्तक ओळखीचे होते.

परीक्षेचा नियम आधी विचारून घ्यावा. काही ठिकाणी फक्त कोरे पुस्तक नेता येते, स्वतःचे पान नाही आणि पुस्तकात खुणाही नाहीत. अशा वेळी तक्ता घरीच राहतो. प्रसंगांची यादी आणि त्यांची पाने तेवढी तोंडपाठ ठेवावीत. आणि कवितेला हा तक्ता लावू नये. तिथे माणसांपेक्षा शब्द आणि प्रतिमा महत्त्वाच्या असतात, त्यामुळे अर्धी घरे उगाच भरावी लागतात.

त्या मुलीने पुढच्या पाठाचा तक्ता स्वतः केला आणि मला दाखवला. विशेषणांचा रकाना नव्हता. तीन घरे रिकामी होती, आणि ती का रिकामी आहेत, हे तिने खाली एका ओळीत लिहिले होते.