स्कॅनचं इंजेक्शन आणि किडनी

समजा, एक आजी आहेत. वय ६८, वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.९, म्हणजे ईजीएफआर साधारण २८. त्यांच्या सीटी स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट द्यायचंय. खरी जोखीम असते ती ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांना; निरोगी किडनीला सहसा काही होत नाही. आजींना किलोमागे तासाला १ मिली, म्हणजे तासाला ६० मिली सलाईन लावायचं: स्कॅनआधी ४ तास, नंतर ६ तास. हृदय कमजोर असेल तर मात्र जपून, नाहीतर फुप्फुसात पाणी साचतं. इजा लगेच कळत नाही, म्हणून ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं. २.० आलं तर चिंता नाही, २.२ किंवा त्याहून जास्त आलं, तर किडनीला इजा झाली असं धरायचं. पण जिवावर बेतलं असेल, तर सलाईनसाठी स्कॅन थांबवत नाहीत.