दहा ओळींत चौथे प्रकरण

चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या एका क्वार्टरमध्ये आमचा वाचनगट रविवारी बसतो. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत सगळ्यांची सुट्टी एका दिवशी येत नाही. कुणी रात्रपाळी करून तसाच येतो, कुणी दुपारच्या पाळीआधी अर्ध्यातून उठतो. संध्याकाळी अंधार पडायच्या आत बैठक मोडावी लागते, कारण ताडोबाच्या वाटेवरच्या या भागात बिबट्या दिसणे ही नवलाई नाही. अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात अख्खे पुस्तक वाचून होत नाही, म्हणून आम्ही एक छोटे प्रकरण घेतो. त्यातला युक्तिवाद आधारविधाने आणि निष्कर्ष अशा क्रमांक घातलेल्या ओळींत उतरवून झाल्याशिवाय पुढे जात नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आहे. तिथे हेच काम दोन-तीन वाक्यांच्या तयार उदाहरणांवर चालते. खऱ्या पुस्तकावर ते करायला बसले की त्याचा कस कळतो.

या खेपेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ घेतले होते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या १९३६ च्या अधिवेशनासाठी लिहिलेले हे भाषण. मंडळाने मजकुरात बदल सुचवले, बाबासाहेबांनी ते नाकारले, अधिवेशन झालेच नाही, आणि भाषण त्यांनी स्वतः छापून काढले. चंद्रपुरात हे पुस्तक पुष्कळ घरांत असते. १६ ऑक्टोबर १९५६ ला इथेही धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता, आणि दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. त्यामुळे गटातल्या बहुतेकांनी ते आधीच वाचलेले होते. अडचण तिथूनच सुरू झाली. निष्कर्ष सगळ्यांना पाठ होता, पण तिथवर नेणाऱ्या पायऱ्या कुणालाच सांगता येत नव्हत्या.

चौथे प्रकरण जेमतेम काही परिच्छेदांचे आहे. त्याची सुरुवात बाबासाहेबांच्या मताने होत नाही, जातीची बाजू घेणाऱ्यांच्या मताने होते. इथे पहिली काळजी घ्यावी लागते. विरोधकाचे म्हणणे वेगळ्या कागदावर, त्याच शिस्तीने लिहायचे, नाहीतर त्याची आधारविधाने लेखकाच्या नावावर जमा होतात. ते असे उतरले:

१. प्रत्येक सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते.
२. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी.
३. म्हणून जातिव्यवस्थेत वावगे काही नाही.

हे वाचून गटातल्या एका ताईंनी लगेच बोट ठेवले. पहिल्या दोन ओळींत ‘वावगे’ हा विषयच नाही, मग तो तिसरीत आला कुठून? म्हणजे न लिहिलेली एक ओळ मधे आहे: जे समाजाला लागतेच, त्यात वावगे नसते. अशी अध्याहृत ओळ आम्ही चौकटी कंसात लिहितो. लेखकाने काय लिहिले आणि आपण काय भरले, हे त्यामुळे पुढेही ओळखता येते.

पण खरा दोष दुसऱ्या ओळीत आहे आणि तो कंसातली ओळ भरल्यावरही जात नाही. ‘जात म्हणजे श्रमविभागणी’ याचे दोन अर्थ होतात. एक, जात आणि श्रमविभागणी ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. दोन, श्रमविभागणीचे अनेक प्रकार असतात आणि जात हा त्यांतला एक. पहिला अर्थ घेतला तर युक्तिवाद चालतो, पण ओळ खोटी ठरते, कारण जात नसलेल्या समाजांतही कामे वाटलेली असतात. दुसरा अर्थ घेतला तर ओळ खरी ठरते, पण युक्तिवाद चालत नाही. समाजाला श्रमविभागणीचा कोणतातरी प्रकार लागतो, एवढ्यावरून हाच प्रकार निर्दोष आहे असे निघत नाही. जातीची बाजू घेणारा पहिल्या अर्थाने निष्कर्ष काढतो आणि दुसऱ्या अर्थाने ओळ पटवतो.

आता बाबासाहेबांचे उत्तर. आमच्या पहिल्या मसुद्यात पहिलीच ओळ अशी होती: जात ही श्रमविभागणी नाही. बहुतेक वाचक असेच लिहितात, आणि हे चूक आहे हे पुस्तकातूनच दाखवता येते. पुढच्याच परिच्छेदात बाबासाहेब जातीला श्रमविभागणी म्हणूनच संबोधतात आणि ही विभागणी आपोआप झालेली नाही, माणसांच्या अंगच्या गुणांवर उभी नाही, असे तिचे दोष सांगतात. पहिली ओळ ‘श्रमविभागणी नाही’ अशी ठेवली तर लेखक दोन परिच्छेदांत स्वतःलाच खोडतो असे होईल. आपल्या मांडणीत लेखक असा स्वतःशी भांडू लागला, की आधी आपली मांडणी तपासायची. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की जात ही नुसती श्रमविभागणी नाही. ती तेवढी तर आहेच, आणि वर आणखी काहीतरी आहे. विरोधकाच्या दोन अर्थांपैकी पहिल्यावर नेमका हा घाव बसतो.

दुसरी चूक शेवटच्या ओळीत झाली होती. ‘म्हणून जातिव्यवस्था वाईट आहे’ असे आम्ही लिहिले होते. मूळ वाक्यात जात घातक ठरवली आहे ती आर्थिक व्यवस्था म्हणून, तेवढ्याच मर्यादेत. जातीचे नैतिक आणि सामाजिक दोष पुस्तकात इतरत्र येतात, त्यांची कारणे वेगळी आहेत. एवढ्याशा परिच्छेदांच्या आधारावर त्या सगळ्यांचा भार टाकला तर निष्कर्ष आधारांपेक्षा मोठा होतो, आणि मग विरोधकाला तो सहज पाडता येतो. अनेक रविवार गेल्यावर मांडणी या रूपात आली:

१. जातिव्यवस्था कामे तर वाटतेच, शिवाय ती करणाऱ्या माणसांना ओलांडता न येणाऱ्या कप्प्यांत बंद करते आणि ते कप्पे एकाखाली एक लावते.
२. दुसऱ्या कोणत्याही सुधारलेल्या समाजात श्रमविभागणीबरोबर असे कप्पे येत नाहीत.
३. म्हणून जातिव्यवस्था ही नुसती श्रमविभागणी नाही. (१ आणि २ वरून)
४. जातीत माणसाचे काम आईबापांच्या सामाजिक स्थानावरून आधीच ठरते, त्याची ताकद आणि कल विचारात घेतला जात नाही.
५. उद्योग बदलत असतात, आणि तेव्हा माणसाला धंदा बदलता आला नाही तर बेकारी येते.
६. जात धंदा बदलू देत नाही.
७. म्हणून जात हे बेकारीचे थेट कारण आहे. (५ आणि ६ वरून)
८. जातीने वाट्याला आलेली अनेक कामे हलकी मानली जातात, त्यामुळे करणाऱ्याला ती टाळावीशी वाटतात आणि त्यांत त्याचे मन व बुद्धी लागत नाही.
[९. जी व्यवस्था माणसाची ताकद वाया घालवते, बेकारी आणते आणि कामातून मन काढून घेते, ती आर्थिक व्यवस्था म्हणून घातक असते.]
१०. म्हणून जातिव्यवस्था आर्थिक व्यवस्था म्हणून घातक आहे. (४, ७, ८ आणि ९ वरून)

कंसातले आकडे लिहायला कंटाळा येतो, पण ते लिहिल्यावरच एक गोष्ट लक्षात आली. तिसरी ओळ दहावीला कुठेही आधार देत नाही. या प्रकरणाला दोन निष्कर्ष आहेत. तिसऱ्या ओळीत विरोधकाचा बचाव कोसळतो, आणि चौथीपासून बाबासाहेबांचा स्वतःचा आरोप सुरू होतो. सलग वाचताना हा सांधा कळत नाही, कारण गद्य एका ओघात पुढे जाते.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या पंचावयवी मांडणीत सर्वसाधारण विधानाबरोबर सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण द्यावेच लागते. ती अट मला फार उपयोगाची वाटते. दुसऱ्या ओळीसाठी उदाहरण मागितले तेव्हा टर्बाइन विभागातले एक काका म्हणाले, “सर, आमच्या प्लांटातही माणसं वाटलेलीच आहेत जी. कोळसा हँडलिंगचा वेगळा, बॉयलरचा वेगळा, राखेचा वेगळा. आणि वर-खाली पण आहे. मंग हे काय जातीसारखंच झालं का?”

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. तेव्हा पहिल्या ओळीत नुसते ‘माणसांना विभागते आणि वरखाली लावते’ एवढेच होते, आणि तेवढे तर वीज केंद्रालाही लागू पडते. मग फरक कुठे आहे? राखेच्या विभागातला माणूस परीक्षा देऊन दुसरीकडे जाऊ शकतो. त्याच्या मुलीला कंट्रोल रूममध्ये बसायला बापाचा विभाग आडवा येत नाही. पाळी संपली की तिथली पायरी बाहेर लागू राहत नाही, निदान त्या पायरीचा तसा नियम नाही. म्हणजे भार ‘विभागते’वरही नाही आणि ‘वरखाली’वरही नाही, तो ‘ओलांडता न येणाऱ्या’ या शब्दांवर आहे. मूळ मजकुरात घट्ट बंद कप्प्यांची कल्पना होतीच, आम्ही ती सजावट समजून गाळली होती. काकांच्या उदाहरणामुळे ती परत आली.

सहाव्या ओळीवरही वाद झाला. आज आयटीआय करून कुठल्याही जातीचा मुलगा फिटर होतो, मग ही ओळ खोटी नाही का? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. ओळ १९३६ च्या पुस्तकातली आहे, म्हणून ती तशीच राहील. मांडणी करणाऱ्याला लेखकाचे विधान आजच्या तारखेला दुरुस्त करण्याचा अधिकार नाही. आणि ओळ आज पूर्ण खरी नाही असे मानले, तरी सातवी पडते, दहावी पडत नाही. चौथी आणि आठवी आपापल्या बळावर उभ्या आहेत, त्यांना सातवीचा टेकू लागत नाही. एका ताईंनी विचारले, गटारात उतरणाऱ्या माणसांची जात आजही सांगता येते ना? तो प्रश्न आठव्या ओळीचा आहे, सहावीचा नाही. नवव्या ओळीला मात्र एकच दुरुस्ती करावी लागेल, कारण ती तिन्ही दोष एकत्र मागते. त्यांतला एकही पुरेसा आहे, असे लिहावे लागेल. ते आपण करू शकतो, कारण ती ओळ आपलीच आहे.

सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या ओळीने घेतला. ‘दुसऱ्या कोणत्याही सुधारलेल्या समाजात नाही’ हे फार मोठे विधान आहे. जपानात चामड्याचे आणि कत्तलीचे काम करणाऱ्या बुराकुमिन घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ठेवले गेले. तेवढे एक उदाहरण दाखवले की ओळ डळमळते. मग तिसरी ओळ पडते का? नाही. तिसरीसाठी इतके मोठे विधान लागतच नाही. श्रमविभागणी असूनही असे कप्पे नाहीत, असा एक समाज दाखवला तरी कप्पे हे श्रमविभागणीचे अंग नाही हे सिद्ध होते. दुसरी ओळ सौम्य केली तर युक्तिवाद उलट पक्का होतो.

म्हणून आमच्या वहीत ती दोनदा आहे. आधी बाबासाहेबांनी म्हटली तशी, आणि तिच्याखाली चौकटी कंसात, निष्कर्षाला पुरेल एवढी: [२ क. श्रमविभागणीला अशा कप्प्यांची गरज नसते.] दोन्हींतली कोणती वाचायची यावर गटात अजून एकमत नाही. काकांचे म्हणणे, वाद घालताना २ क वापरा, पुस्तक काय म्हणते हे सांगताना २. पुढचे प्रकरण वंशशुद्धीच्या बचावाचे आहे. तिथेही आधी विरोधकाचाच कागद भरायचा आहे.