मीटरवरचा दिवा विझतो कधी?

गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी पेढे, हार आणि फोटोंच्या गडबडीत सेल्समन दहा मिनिटांत सगळी गाडी समजावून मोकळा होतो. ब्लूटूथला फोन कसा जोडायचा, हे मात्र तो मन लावून दाखवतो. मीटरवरच्या दिव्यांबद्दल सांगतो ते एवढंच, की लाल दिसला तर फोन करा. नाशिकच्या माझ्या मावशीने पन्नाशी उलटल्यावर पहिली गाडी घेतली, पेट्रोलवरची, ऐन जानेवारीत. तिला काही हे उत्तर पटलं नाही. रात्री जेवणं उरकली की ती चष्मा लावून मॅन्युअल घेऊन बसायची आणि तिची गाडी अडायची ती नेमकी दिव्यांच्या पानांवर.

त्या पानांवर चाळीसएक चित्रं असतात आणि ती बघून माणूस हबकतो. पण पुस्तक त्या मॉडेलच्या सगळ्या प्रकारांसाठी एकच छापलेलं असतं: पेट्रोल, डिझेल, ऑटोमॅटिक, बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल. ज्या दिव्यापुढे 'असल्यास' लिहिलेलं असतं किंवा फुली-चांदणी असते, तो आपल्या गाडीत नसण्याचीच शक्यता जास्त. मावशीने पेन्सिल घेऊन डिझेलच्या फिल्टरचा, ऑटोमॅटिक गिअरचा असे नसलेले दिवे खोडून टाकले, तेव्हा पंचवीसच्या आत उरले. रंगांचा हिशोबही सोपा असतो. लाल म्हणजे आत्ता बघा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे फक्त माहिती.

खरी गोम चित्रं पाठ करण्यात नाही. दिवा कधी लागायला हवा आणि कधी विझायला हवा, हे कळण्यात आहे. त्यासाठी घराच्या पार्किंगमध्ये एक गोष्ट करून बघावी. किल्लीची गाडी असेल तर इंजिन सुरू न करता किल्ली 'ऑन'वर ठेवायची. बटणाची असेल तर क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबायचं. मीटर एकदम दिवाळीसारखं उजळतं. हा बिघाड नव्हे. गाडी आपले दिवे तपासून बघत असते. एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंदांत आपोआप विझतात. तेलाचा लाल कॅन, बॅटरी आणि पिवळं चेक इंजिन हे तिघे इंजिन सुरू होईपर्यंत तसेच राहतात, कारण इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो आणि बॅटरी चार्ज होत नसते. हँडब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडल्यावर जातो, सीटबेल्टचा बेल्ट लावल्यावर.

या तपासणीत जो दिवा लागलाच नाही, त्याचीही चौकशी करावी. एअरबॅगचा दिवा कधीच लागत नसेल, तर एअरबॅग बिघडली तरी ती सांगणार कशी? जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून बघावं. एखादा महाभाग दुरुस्तीचा खर्च टाळायला दिव्याचंच कनेक्शन काढून ठेवतो.

तेलाच्या कॅनबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. चालत्या गाडीत तो लाल कॅन लागला, की लोक म्हणतात, ऑइल थोडं कमी झालं असेल, गॅरेजपर्यंत नेऊ. पण तो दिवा तेलाची पातळी मोजत नाही, दाब मोजतो. दाब गेला म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या भागांपर्यंत तेल पोचतच नाहीये, आणि अशा अवस्थेत इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. पातळी बघायची असेल तर त्यासाठी बॉनेटखाली डिपस्टिक असते, आणि ती ठीक दिसली तरी इंजिन पुन्हा चालू करायचं नाही.

चेक इंजिनचं वागणं दोन प्रकारचं असतं. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही. एक-दोन दिवसांत सर्व्हिस सेंटरला दाखवावी. तोच दिवा उघडझाप करत असेल आणि गाडी हिसके देत असेल, तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच पुढे चाललेलं असतं. ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग भाजून निघतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा, सावकाश कडेला थांबायचं.

मावशीचा पहिला फोन आला तो मात्र निळ्या दिव्यावरून. सकाळी गाडी सुरू केली की लाटांवर तरंगणारा थर्मामीटर निळा दिसायचा आणि काही मिनिटांनी जायचा. ज्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, त्यांतल्या कित्येकांत हा दिवा असतो. इंजिन अजून गार आहे, जोरात पळवू नका, एवढंच तो सांगतो. नाशिकच्या थंडीत तो जरा जास्त वेळ राहणारच. हाच थर्मामीटर लाल झाला तर गोष्ट वेगळी: थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही.

दुसरा फोन जास्त गंभीर होता. "अरे, घोड्याच्या नालासारखं काहीतरी पिवळं लागलंय, मधे उद्गारचिन्ह. खाली उतरून बघितलं, चारही टायर चांगले दिसतायत."

तो टायरमधल्या हवेचा दिवा. घरून निघून ती कॉलेज रोडला लागली तेव्हा तो पेटला होता. मी तिला गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवरच्या बाणांनी मेनूत टायरचं पान उघडायला सांगितलं. चार चाकांपुढे चार आकडे होते, सगळे १७० च्या आसपास, आणि खाली लिहिलेलं kPa. "एकशे सत्तर? मग जास्तच आहे की हवा!" हवा भरणारा सांगतो पीएसआयमध्ये आणि मीटर दाखवत होतं किलोपास्कल. १७० किलोपास्कल म्हणजे साधारण साडेचोवीस पीएसआय. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात लिहिलं होतं ३३. म्हणजे चारही टायरमध्ये पाव हिस्सा हवा कमी, आणि साधारण इतकी घट झाली की हा दिवा लागतो.

चार टायर एकाच वेळी पंक्चर होत नाहीत. आदल्या दुपारी ती इगतपुरीहून महामार्गाने आली होती आणि वाटेत पंपावर हवा भरून घेतली होती. पंपावरच्या मुलाने न विचारता 'तीस-तीस' मारली. पंपांवर छोट्या गाडीला तीस हा जणू ठरलेला आकडा आहे. पळून तापलेल्या टायरमधली हवा तेव्हा पन्नास अंशांच्या घरात असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकचा पारा दहावर. हवेचं तापमान दहा अंश उतरलं की टायरचा दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. चाळीस अंशांचे झाले साडेपाच-सहा. तीसमधून ते वजा करा. आकडा तिथेच येतो.

म्हणून तक्त्यावरचा आकडा गार टायरचा असतो. सकाळी घराजवळच्या, किलोमीटर-दोन किलोमीटरवरच्या पंपावर हवा भरावी. लांबून आल्यावर दाब जास्त दिसतो, म्हणून हवा काढू नये. नायट्रोजन भरला की ही कटकट नाही, असं सांगणारे भेटतात. पण थंडीने आकसण्याचा नियम त्यालाही तेवढाच लागू आहे.

हवा भरल्यावर थोडं अंतर चाललं की दिवा विझतो. काही गाड्यांत मात्र चाकांत सेन्सरच नसतात. कमी हवेचं चाक किंचित लहान होतं आणि जास्त वेगाने फिरतं, यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत आकडे दिसत नाहीत, आणि हवा भरल्यावर मेनूत जाऊन 'सेट' करावं लागतं. दिवा घालवायला हवा न भरताच सेट केलं, तर गाडी कमी हवेलाच योग्य मानून बसते आणि पुढे खरं पंक्चर झालं तरी उशिरा सांगते. आणि हाच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा नव्हे, तपासणारी यंत्रणा बिघडलेली असते. सेन्सर नसलेली स्टेपनी लावल्यावरही असं होतं.

याच मेनूत मावशीने एकक बदलून psi करून घेतलं. यासाठी गाडी उभी असावी लागते. चालत्या गाडीत सेटिंगचं पान बहुतेक उघडत नाही. एका दाबण्याने पान बदलतं आणि तेच बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की आकडा शून्य होतो, हे हाताला एकदा बसलं की मेनूची भीती जाते. ८० च्या पुढे वाजणारी टिकटिक बंद करायचा पर्याय तिने बराच शोधला. तो सापडणार नव्हता. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना ही सूचना सक्तीची आहे: ८० च्या वर थांबून थांबून, १२० च्या वर सलग.

उरलं ॲव्हरेज. मीटर १८.६ दाखवत होतं आणि ती खुशीत होती. पंपावर पाइप स्वतःहून बंद होईपर्यंत टाकी भरून तिने ट्रिप बी शून्य केली. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरली, तेव्हा ट्रिपवर ४१२ किलोमीटर होते आणि पेट्रोल बसलं २५.२ लिटर. भागाकार १६.३. मीटर खोटं बोलत नव्हतं, अंदाज करत होतं. इंजिनात इंधन सोडणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले, यावरून ते पेट्रोल मोजतं; टाकीत माप घालून बघत नाही. 'अजून किती किलोमीटर जाईल' हा आकडाही तसाच, अलीकडच्या ॲव्हरेजवरून काढलेला. महामार्गावरून आल्यावर टाकी भरली तर तो सहाशेच्या वर दाखवतो, आणि द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तीन किलोमीटर गेलात की दहाने उतरतो. टाकी गळत नाहीये. पण पिवळा पेट्रोलपंप लागल्यावर त्या आकड्याच्या भरवशावर ताणू नये. टाकीतला इंधनपंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो.

मेनूच्या तळाशी पान्याचं चित्र आणि पुढे उरलेले किलोमीटर दिसतात. ती सर्व्हिसची आठवण. तिकडे पहिली फ्री सर्व्हिस साधारण १००० किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल ते. सर्व्हिस करून गाडी ताब्यात घेताना हे पान उघडून बघावं. मेकॅनिक तेल बघतो, गाडी धुऊन देतो आणि हा आकडा पुन्हा भरायला विसरतो. मग पुढच्या वेळी पाना वेळेवर दिसतच नाही, किंवा नको तेव्हा दिसत राहतो.